इंजेक्शन शिरेतून, दंडात की कातडीखाली? फिरत्या मेसेजबद्दल खुलासा

«औषध तेच असतं. शिरेतून घेतलं की लगेच गुण येतो, कमरेत टोचणारे डॉक्टर वेळ काढतात.» (मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज)

वेगाची गोष्ट खरी आहे. शिरेतलं औषध सेकंदांत रक्तात मिसळतं आणि सलाइनसारखं लिटरभरही देता येतं. स्नायूतून साधारण 10 ते 20 मिनिटं लागतात. दंडात 1-2 मिली, मांडी-कमरेत 3 ते 5 मिलीपर्यंत. इन्सुलिन कातडीखालच्या चरबीतून आणखी सावकाश उतरतं, तिथे दीड-दोन मिलीच मावतं.

पण प्रत्येक औषध शिरेत चालत नाही. संधिवातज्वरानंतर हृदयाच्या झडपा जपायला दर 3-4 आठवड्यांनी 12 लाख युनिट बेंझाथिन पेनिसिलिन देतात. ते दुधासारखं पांढरं, न विरघळलेल्या कणांचं असतं. स्नायूत साठून कण हळूहळू विरघळतात, म्हणूनच ते आठवडे पुरतं. हेच शिरेत गेलं तर हृदय आणि श्वास बंद पडून जीव जाऊ शकतो. म्हणून नर्स सुई खोल घालून दट्ट्या किंचित मागे ओढते. रक्त दिसलं तर ती सिरिंज टाकून नवी भरते. मग एकसारखं, सावकाश सोडते, कारण मध्येच थांबलं की कणांनी सुई तुंबते.