दही टांगलं की प्रोटीन जातं कुठे? हिशोब एकाच दुधाचा

"चक्का खाणाऱ्यांनो सावधान!! १) दही टांगलं की सगळं प्रोटीन पाण्यात निघून जातं, म्हणून तर त्या पाण्यापासून प्रोटीन पावडर बनवतात. २) फडक्यात उरतो तो फक्त फॅटचा गोळा. ३) दूध तेच, मग प्रोटीन वाढणार कसं? चक्का टाका, पाणी प्या!"

हा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर आला आणि आईने खरंच चक्का बंद करून ते पाणी प्यायला सुरुवात केली. तिला डॉक्टरांनी प्रोटीन वाढवायला सांगितलंय आणि एका वेळी चार चमच्यांच्या वर काही जात नाही, म्हणून माझं डोकं फिरलंय.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक, तो आधी घेते. १ किलो गायीचं दूध धरा, त्यात साधारण ३२ ग्रॅम प्रोटीन. त्यातलं जवळपास २६ ग्रॅम केसीन आणि ६ ग्रॅम व्हे. विरजण लागलं की आंबटपणामुळे केसीनचे कण एकमेकांना चिकटून जाळी तयार होते, दही लागतं म्हणजे हेच. ही जाळी फडक्यातून गळत नाही, गळतं ते जाळीत अडकलेलं पाणी, त्यातली साखर, क्षार आणि थोडं व्हे. तेही थोडंच, कारण आपण दूध उकळून मग विरजण लावतो आणि उकळताना व्हेचा बराच भाग केसीनलाच चिकटून बसतो.

आता टांगा. ६०० ग्रॅम पाणी गळलं, ४०० ग्रॅम चक्का उरला. पाण्यात अर्धा टक्का प्रोटीन धरलं तर गेलं ३ ग्रॅम, चक्क्यात राहिलं २९. म्हणजे १०० ग्रॅम दह्यात ३.२ आणि १०० ग्रॅम चक्क्यात सव्वासातच्या आसपास. १५ ग्रॅमचा चमचा घेतला तर दह्याच्या चमच्यात जेमतेम अर्धा ग्रॅम, चक्क्याच्या चमच्यात १.१ ग्रॅम. बरं, माझा अर्धा टक्का मान्य नसेल तर व्हे सगळंच्या सगळं गेलं असं समजा, तरी २६ ग्रॅम केसीन ४०० ग्रॅममध्ये उरतं, म्हणजे साडेसहा टक्के, दह्याच्या दुप्पट!

आणि मेसेजवाल्याचं खरं मानलं तर ३२ ग्रॅम प्रोटीन त्या ६०० ग्रॅम पाण्यात असायला हवं, म्हणजे दुधापेक्षाही दाट. मग ते पांढरंफेक दिसलं असतं. दिसतं कसं? आरपार, हिरवट पिवळं. पाणी दुधाळ येत असेल तर मात्र खरंच केसीन वाहून चाललंय, दही नीट लागलेलं नाही, टांगण्याआधी ढवळून मोडलंय किंवा फडकं विरळ आहे. अशा वेळी फडक्याची घडी दुहेरी करा, दही पूर्ण लागून गार झालं की मगच न पिळता टांगा.

प्रोटीन पावडर व्हेपासून बनते हे खरं आहे, पण ते व्हे मुख्यतः चीज बनवताना सुटलेल्या पाण्यातलं असतं, चीजसाठी दूध आपल्यासारखं खळखळून उकळत नाहीत म्हणून त्यात व्हे जास्त उतरतं. तरी एका लिटरमध्ये ७-८ ग्रॅमच, म्हणून तर गाळून, आटवून, सुकवून पावडर करावी लागते. आईच्या पेल्यात, २०० मिलीत, १ ग्रॅम येतं. एवढं तर चक्क्याच्या एका चमच्यात आहे आणि पेलाभर पाण्याने पोट भरतं ते वेगळंच.

फॅटचा गोळा म्हणे! दुधात ४ टक्के फॅट असेल तर चक्क्यात १० टक्क्यांच्या आसपास होतं, हे कबूल, फॅटही दाट होतं. ज्यांना ते नको त्यांनी साय काढलेल्या दुधाचं दही टांगावं, फॅट जवळपास नसतानाही चक्का बनतोच, मग तो गोळा कशाचा?

तिसऱ्या मुद्द्यात अर्ध सत्य आहे. एकूण प्रोटीन वाढत नाही, उलट ३२ चे २९ होतात, त्यामुळे किलोभर दही आणि त्याचा सगळा चक्का यात दही किंचित पुढेच. कॅल्शियमही बरंचसं आंबट पाण्यात विरघळून जातं, ते दुप्पट होत नाही. पण प्रश्न चमच्याचा आहे, पातेल्याचा नाही. अन्नपदार्थांची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या कोडेक्सच्या आंबवलेल्या दुधाच्या मानकात साध्या प्रकाराला किमान २.७ टक्के प्रोटीन लागतं आणि दाट केलेल्या प्रकाराला किमान ५.६, आणि त्या दुसऱ्या गटात गाळलेल्या दह्याचं नाव स्पष्ट दिलेलं आहे. ज्यांना भरपूर खाता येतं त्यांनी दही खा, काही बिघडत नाही, पण ज्यांना चारच चमचे जातात त्यांच्या वाटीत चक्काच हवा.