खोल गेलं की पाणी लागतंच?

«जमिनीखाली पाण्याच्या नद्या वाहतात. वरचं पाणी आटलं तर आणखी खोल जा, खाली पाणी असतंच. बोअरमध्ये पाणी उसळून वर आलं म्हणजे खाली साठा भरपूर आहे. आणि एक चांगला पावसाळा झाला की सगळं पुन्हा भरतं.»

उन्हाळा लागला की हा मेसेज फिरायला लागतो. चार वाक्यांपैकी शेवटचं अर्धं खरं आहे, म्हणून ते शेवटी घेऊ. हायड्रॉलॉजीच्या पेपराला बसणाऱ्यांनी आकडे स्वतः करून पाहावेत; गुणाकार-भागाकारापलीकडे यात काही नाही.

आधी नद्यांचं. चुनखडीच्या प्रदेशात खडक विरघळून भुयारं होतात आणि तिथे पाणी खरोखर वाहतं. पण महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भाग बेसाल्टचा, म्हणजे लाव्ह्याच्या थरावर थर. नव्याने खणलेल्या विहिरीत उतरून भिंत पाहिली तर वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग पांढऱ्या खड्यांनी भरलेल्या भोकांचा मांजऱ्या, त्याखाली काळा कातळ, आणि कधीकधी दोन थरांच्या मध्ये विटेसारखा लाल पट्टा. पाणी असतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि कातळाच्या चिरांत. ते किती सरकतं, हे हेन्री दार्सीच्या सूत्रातून काढतात. फ्रान्समधल्या दिजाँ शहरात वाळू भरलेल्या नळातून पाणी सोडून त्याने केलेले प्रयोग 1856 मध्ये प्रसिद्ध झाले:

```
Q = K × i × A
```

एक शिवार घ्या. दोन विहिरी 400 मीटर अंतरावर आहेत, एकीची पाण्याची पातळी दुसरीपेक्षा 2 मीटर वर. म्हणजे उतार i = 2/400 = 0.005. (हा उतार पाण्याच्या पातळीचा असतो, जमिनीचा नव्हे. या एका चुकीवर दरवर्षी कितीतरी मार्क जातात.) मुरूम-मांजऱ्याचा भिजलेला थर 8 मीटर जाड, रुंदी 500 मीटर धरली, तर A = 4000 चौरस मीटर. खडकाची पाणी वाहू देण्याची क्षमता K दिवसाला 2 मीटर धरू. Q येतो दिवसाला 40 घनमीटर, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर. अर्धा किलोमीटर रुंद पट्ट्यातून दिवसभरात एवढंच. सेकंदाला 10 लिटर ओढणारा पंप सहा तास चालला तर 216 घनमीटर उपसतो. वरचे 176 घनमीटर वाहून आलेले नसतात, ते साठ्यातून जातात. भूजल खालावतं म्हणजे नेमकं हेच होतं.

वेग काढताना मात्र सांभाळा. K × i येतं 0.01 मीटर, पण तो पाण्याचा खरा वेग नाही, कारण पाणी सगळ्या खडकातून न जाता फक्त एकमेकांना जोडलेल्या पोकळ्यांतून जातं. अशा पोकळ्या 2 टक्के धरल्या तर 0.01 ला 0.02 ने भागायचं: दिवसाला अर्धा मीटर. वरच्या विहिरीतलं पाणी खालच्या विहिरीत पोचायला 800 दिवस. याला नदी म्हणायचं असेल तर गोगलगाईला एक्स्प्रेस म्हणावं लागेल.

आता खोल जाण्याचं आणि उसळून येण्याचं. ही दोन वाक्यं जोडीनेच येतात. वरचा मुरूम-मांजऱ्याचा थर हा खुला जलधर. त्यातली पातळी उतरते तेव्हा पोकळ्या खरोखर रिकाम्या होतात आणि त्यांतलं पाणी आपल्याला मिळतं. खाली दोन कातळांमध्ये, किंवा लाल पट्ट्याखाली, दाबला गेलेला सच्छिद्र थर हा बंदिस्त जलधर. बोअरच्या गाडीवर काम करणारे धुळीचा रंग लाल झाला की लगेच ओळखतात. त्याखाली 300 फुटांवर पाणी लागतं आणि पाइपात 120 फुटांपर्यंत चढतं. घरचे पेढे वाटतात. पण चढलेलं पाणी दाब सांगतं, साठा सांगत नाही. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा जोरात भरलेली असली तरी ती असते थोडीच.

फरक किती, ते 10 हेक्टरवर पाहू. खुल्या जलधराची पातळी 1 मीटर उतरली आणि खडक 2 टक्के पाणी सोडत असेल, तर 1,00,000 × 1 × 0.02 = 2000 घनमीटर. बंदिस्त थरात तो 0.02 चा आकडा साधारण 0.0001 असतो, कारण तिथे पोकळ्या रिकाम्या होत नाहीत. दाब कमी झाल्याने पाणी किंचित प्रसरण पावतं, खडक किंचित दबतो, तेवढंच बाहेर येतं. उत्तर 10 घनमीटर. दोनशे टँकर विरुद्ध एक टँकर. म्हणून पहिल्या दिवशी तीन इंच पाणी देणारा बोअर महिन्याभरात आचके द्यायला लागतो.

शिवाय खोल बोअर वरचं पाणीही पळवतो. वरच्या मुरमापुरतीच केसिंग टाकली आणि तिचा तळ कातळात नीट बसवला नाही, की वरच्या थरातलं पाणी पाइपाच्या बाहेरून खाली गळतं. पंप बंद करून बोअरच्या तोंडाला कान लावा; खाली पाणी पडल्याचा आवाज आला तर शेजारची विहीर का आटली ते कळेल. राज्याच्या 2009 च्या भूजल कायद्यात शेतीसाठी आणि उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंदी आहे. ती किती पाळली जाते, हे बोअरच्या गाड्यांच्या रांगा पाहून ज्याने त्याने ठरवावं.

राहिला पावसाळा. वरच्या थरापुरतं ते वाक्य बरंचसं खरं. 600 मिलिमीटर पावसातले 60 मिलिमीटर मुरले, तर 2 टक्क्यांच्या खडकात पातळी 3 मीटर वर येते. विहीर भरलेली दिसते आणि माणूस खूश होतो. पण हाच थर ओढ्या-नाल्यांना पाझरतो, म्हणून पंप न लावताही पातळी हिवाळ्यापासून उतरू लागते.

खालच्या थराची गोष्ट वेगळी. अखंड कातळाचा K दिवसाला 0.00001 मीटर आणि उभा उतार 1 धरला, तर वर्षाला साडेतीन-पावणेचार मिलिमीटर झिरपतात. 10 हेक्टरवर सुमारे 365 घनमीटर, म्हणजे आपल्या पंपाचं पावणेदोन दिवसांचं काम. कातळात उभ्या चिरा असतील तर आकडा कितीतरी वाढेल. तसंही दार्सीचं सूत्र चिरांच्या खडकात सरासरीपुरतंच चालतं. एकाच शेतात वीस पावलांवर K दहापट बदलू शकतो, म्हणून तो पुस्तकातून न उचलता पंपिंग टेस्ट करून काढतात.

खालचा थर भरला की नाही, ते शेतातच कळतं. ऑक्टोबरमध्ये पंप दोन दिवस बंद ठेवायचा, दोरीला दगड बांधून विहिरीची आणि शेजारच्या बोअरची पातळी मोजायची. केसिंग नीट बसलेली असून विहीर पंधरा फुटांवर आणि बोअर दीडशे फुटांवर निघाला, तर पाऊस फक्त विहिरीपुरताच पोचला आहे.