धाकट्या भावाच्या मोबाइलमधल्या क्लिपा: तक्रार आणि आमचं उत्तर

एक स्टार. «धाकट्या भावाच्या मोबाइलमधले व्हिडिओ जोडून मागे एखादं गाणं लावा, एवढंच सांगितलं होतं. तीन आठवडे लावले. स्वतः काम न करता सोळा वर्षांच्या पुतण्यालाच कॉम्प्युटरवर बसवलं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या, मागाचा खडखडाट तसाच, आणि ज्याच्यासाठी केलं तो भाऊच कुठे दिसत नाही. वर पंधराशे रुपये घेतले.»

अण्णा, नमस्कार. दुकान माझं आहे, म्हणून उत्तर मीच लिहितोय. त्याआधी तुमच्या पुतण्याला आणि त्याच्या आईला विचारलं. दोघांनीही लिहा म्हणून सांगितलं.

उशीर होणार हे दिसत असताना तुम्हाला फोन केला नाही, ही चूक माझी आहे. बाकीचं जसं घडलं तसं सांगतो.

तुम्ही मोबाइल ठेवून गेलात त्याच दिवशी संध्याकाळी मुलगा एकटा नवी पेठेत दुकानावर आला. म्हणाला, ‘काका, पप्पांचे व्हिडिओ मी जोडू का? तुम्ही फक्त दाखवा.’ मी हो म्हटलं. कॉलेज आणि क्लास आटपून तो रोज साडेसातला यायचा आणि नऊला मी शटर ओढायचो. तीन आठवडे असे गेले.

क्लिपा त्रेसष्ट होत्या. त्याने आधी फाइलच्या नावातल्या तारखेप्रमाणे लावल्या, तर धाकट्या बहिणीचा पुढचा दात एका क्लिपमध्ये पडून पुन्हा आलेला आणि त्याच्या पुढच्या क्लिपमध्ये पडलेला. VID-20200216-WA0003.mp4 अशा नावातली तारीख क्लिप व्हॉट्सअॅपवर आली त्या दिवसाची असते, काढली त्या दिवसाची नसते. मग दात बघून, घराचा रंग बघून त्याच्या आईने क्रम लावून दिला.

खरा वेळ गेला कारखान्यातल्या क्लिपवर. चार मिनिटांची आहे. टॉवेलचा माग चालू आहे, आणि तुमचा भाऊ एका हातात मोबाइल धरून पोराला समजावतोय की धोटा कसा जातो आणि फणी कशी ठोकते. शेवटी तार तुटते, तो दांडा ओढतो आणि माग थांबतो. मुलाने ती क्लिप एडिटिंगला घेतली तेव्हा चित्रात माग थांबला तरी आवाज जवळजवळ सेकंदभर चालूच राहिला. चालत्या मागावर हे कळत नाही, कारण प्रत्येक ठोका सारखाच. थांबला तेव्हा उघड झालं.

मुलाने आवाज सेकंदभर अलीकडे सरकवला. शेवट जुळला आणि सुरुवात बिघडली. सुरुवातीला बरोबर आणि पुढे पुढे मागे पडत जाणारा आवाज सरकवून जुळत नाही. अंधाऱ्या जागेत मोबाइल एकेका चित्राला जास्त वेळ उजेड घेतो, म्हणून सेकंदाला तीस चित्रं घेता घेता मधेच कमी घ्यायला लागतो. आमचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर मात्र सगळीकडे तीसच धरतं. चित्रं लवकर संपतात, आवाज आपल्या वेळेनेच चालतो. MediaInfo मध्ये फाइल उघडली की Frame rate mode पुढे Variable लिहिलेलं दिसतं. खात्रीचा उपाय म्हणजे कापाकापीच्या आधी फाइल ठरावीक वेगात बदलून घ्यायची. HandBrake मध्ये Constant Framerate निवडून ती क्लिप बदलली आणि माग जुळला. पण तोवर चाळीस क्लिपा कापून झाल्या होत्या. सगळ्या बदलून पुन्हा बसवाव्या लागल्या. हे मी पहिल्याच दिवशी तपासायला हवं होतं, पोराची मेहनत दोनदा झाली.

त्याच क्लिपमधला खडखडाट काढायचा आम्ही प्रयत्न केला. पंख्यासारखी एकसारखी घरघर बरीचशी काढता येते. मागाचा आवाज म्हणजे ठोके, आणि बोलणं त्याच ठोक्यांच्या मधे आणि खाली अडकलेलं. मुलाने आवाज साफ करायचं बटण शेवटपर्यंत नेलं, तर वडील हंड्यात तोंड घालून बोलताहेत असं वाटायला लागलं. तो हेडफोन काढून म्हणाला, ‘हे पप्पा नाहीत.’ मग अगदी थोडंच साफ केलं आणि खाली शब्द लिहिले. शब्द त्याच्या आईने सांगितले. ती त्या आवाजात त्यांचं बोलणं ऐकत आलेली आहे. गाणं याच कारणाने नाही लावलं. आधीच मागाखाली दबलेला आवाज गाण्याखाली पूर्ण गेला असता.

पट्ट्यांचं सांगतो. क्लिपा उभ्या आहेत, टीव्ही आडवा. पट्ट्या घालवायच्या तर चित्र टीव्हीच्या रुंदीएवढं मोठं करायचं, म्हणजे वरखालचं मिळून दोन तृतीयांश चित्र जातं. गड्ड्याच्या यात्रेतली क्लिप आठवा, नंदीध्वज उचलतानाची. काठी एवढी उंच की मोबाइल उभा धरला म्हणूनच ती मावली. मोठं करून बघितलं तर काठीचा शेंडाही गेला आणि बाराबंदीतले धरणारेही गेले, उरला नुसता मधला बांबू. मुलगा म्हणाला, पट्ट्या राहू देत. मलाही तेच पटलं. कडेला तेच चित्र धूसर करून भरता येतं, लग्नाच्या कामात आम्ही करतो, पण इथे डोळा काठीवर ठरेना.

आणखी एक चूक माझी. प्रत्येक क्लिपची सुरुवात आणि शेवट हलतो, ते कापून टाक, असं मीच शिकवलं. लग्नाच्या व्हिडिओत आम्ही तेच करतो. पोराने नेमाने कापलं. पहिल्यांदा सगळी फिल्म आईला दाखवली तेव्हा त्या माउलीने विचारलं, ‘ते दिसतंय का म्हणायचे, ते कुठं गेलं?’ मूळ क्लिपा उघडल्या. जवळजवळ प्रत्येक क्लिपच्या सुरुवातीला मोबाइल हलतोय आणि आवाज येतोय, ‘दिसतंय का? दिसतंय का रे?’ आणि शेवटी मोबाइल खाली जाताना चप्पल, फरशी आणि ‘झालं बघ’. कापायला सांगितलेल्या त्या दोन-दोन सेकंदांतच तुमचा भाऊ होता. चार दिवस बसून मुलाने ते सगळं परत जोडलं. म्हणून तुम्हाला फिल्म हलती वाटली असेल.

तो दिसत नाही हे खरं आहे, अण्णा. मोबाइल कायम त्याच्याच हातात होता. त्रेसष्टपैकी एकाच क्लिपमध्ये चेहरा आहे, साडेसात सेकंद, सिद्धेश्वर तलावाच्या काठावर. तिथे मागून आवाज येतो, ‘आण इकडं, तुझा काढतो.’ तो आवाज तुमचा आहे. मुलाने ती क्लिप शेवटी ठेवली आहे आणि एकही सेकंद कापलेला नाही. पेन ड्राइव्ह त्याच्या आधी बंद केला असेल, तर शेवटचं मिनिट एकदा बघा.

तुम्हाला हव्या तशा, न कापलेल्या सगळ्या क्लिपा क्रमाने दुसऱ्या पेन ड्राइव्हवर भरून काउंटरवर ठेवल्या आहेत. पंधराशे रुपये त्याच पाकिटात आहेत. दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं, आणि साडेसातनंतर आलात तर मुलगाही भेटेल.