म्याडम, फायनल किती?

डिसेंबरात नागपुरात दोन अधिवेशनं भरतात. एक विधानभवनात आणि दुसरं आमच्या शाळेच्या हॉलमध्ये. तिकडे उत्तरं द्यायला मंत्री असतात आणि त्यांच्या मागे चिठ्ठ्या पुरवायला सचिव. इकडे मी एकटी मुख्याध्यापिका. सचिव मलाही आहेत, संस्थेचे. पण ते पहिल्या रांगेत बसून मी काय बोलू नये याच्या खुणा करत असतात. नव्या प्रवेशासाठी येणाऱ्या पालकांच्या या सभेला पत्रिकेवर 'ओपन हाऊस' म्हटलेलं असतं. आमचे शिपाईकाका त्याला 'पेशी' म्हणतात.

यंदा दहाची वेळ दिली होती. मोर्च्यांमुळे सीताबर्डीकडचे रस्ते वळवलेले, त्यामुळे पालक साडेदहापर्यंत येत राहिले. तेवढ्या वेळात एका आईने पहिलीत घालायच्या मुलाला माझ्यापुढे उभं केलं आणि म्हणाली, "बेटा, म्याडमला सतराचा पाढा म्हणून दाखव." मी घाईघाईने त्याच्या हातावर संत्र्याची गोळी ठेवली. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेणं शिक्षण हक्क कायद्यात बसत नाही. पहिल्या वेळी 25 हजारांपर्यंत दंड आहे, पुढच्या प्रत्येक वेळी 50 हजारांपर्यंत. मी हे सांगितलं तर बाई म्हणाल्या, "बरं, मग नुसता बाराचा ऐका." पाढा लहान केला की दंडही लहान होईल असा त्यांचा हिशेब असावा.

सचिवांनी भाषणासाठी एक कागद दिला होता. त्यावर 'जागतिक दर्जा' तीन वेळा आणि 'सर्वांगीण' पाच वेळा होतं. मी तो घडी करून पर्समध्ये ठेवला आणि जे आहे ते सांगितलं. आमच्या एका वर्गात तीसच्या वर मुलं घेत नाही. प्राथमिकच्या बहुतेक शिक्षिका वर्षानुवर्षं इथेच आहेत, त्यामुळे तुमच्या मुलाला मराठी वाचताना कुठे अडतं हे दिवाळीच्या आत त्यांच्या लक्षात येतं, आणि त्या तुम्हाला फोन करतात. आमचं बळ एवढंच. मैदान लहान आहे. पोहण्याचा तलाव नाही. एसी नाही, कूलर आहेत, आणि एप्रिलमध्ये कूलरच्या समोरच्या बाकावर कोणी बसायचं यावरून वर्गात जी भांडणं होतात ती सोडवण्यात एक तास जातो. दहावीचा निकाल चांगला लागतो, पण त्यातला ट्यूशन क्लासचा वाटा किती आणि आमचा किती, हे मला सांगता येणार नाही. इथे सचिवांना ठसका लागला.

मग तो प्रश्न आला. दरवर्षी येतो आणि दरवर्षी मागच्या रांगेतूनच येतो, कारण फी विचारणाऱ्याला पुढे बसायला संकोच वाटतो.

"म्याडम, ते सगळं ठीक आहे. फायनल किती?"

"छत्तीस हजार. वर्षाचे."

"बाप्पा! तिकडच्या शाळेत तर तीसच सांगून राहिले."

पूर्वी या वाक्याने माझा पारा चढायचा. मग कळलं की माणूस भांडत नसतो, घाबरलेला असतो. फी एका वर्षाची विचारतो, पण डोळ्यांसमोर दहा वर्षं असतात. त्यामुळे आता मी दर्जाबद्दल बोलत नाही. फळा पुसते आणि खडू घेते.

"त्या शाळेचं पत्रक आहे का जवळ?"

होतं. शर्टाच्या खिशात चार घड्या घालून ठेवलेलं. त्यांना म्हटलं, वाचा, मी लिहिते. शिकवणी शुल्क 30,000. सत्र शुल्क 2,500. डिजिटल क्लास 2,500. स्नेहसंमेलन आणि उपक्रम 1,500. मागून कोणीतरी मोबाईलवर बेरीज करून ओरडलं, "साडेछत्तीस!" हॉलमध्ये हशा पिकला. मी त्यांना हेही सांगितलं की त्या शाळेचं मैदान आमच्या तिप्पट आहे, तेव्हा पाचशे रुपयांत ते काही महाग नाही. सचिवांनी डोळे मिटून घेतले.

मग आमचीही बेरीज पूर्ण केली. आमच्या छत्तीस हजारांत सत्र, परीक्षा, ग्रंथालय सगळं आलं; ते तीन हप्त्यांत भरायचे. पण पुस्तकं-वह्या साधारण साडेचार हजार, गणवेश आणि बूट तीन हजार. व्हॅनचे महिन्याला बाराशे धरले तर दहा महिन्यांचे बारा हजार. ती व्हॅन शाळेची नाही, तिचा हिशेब चालकाशी. एकूण 55,500. घरी बजेट करताना छत्तीस नका धरू, हा आकडा धरा. शाळा बदलायची झाली तर फीपेक्षा आधी अंतर बघा. बेसा-मनीषनगरसारख्या लांबच्या भागातून रोज येणाऱ्याला व्हॅनवाला आणखी महाग पडतो.

"पण दरवर्षी वाढवाल ना?" एका आजोबांनी विचारलं. हा खरा प्रश्न.

महाराष्ट्रात खाजगी शाळांच्या फीसाठी 2011चा कायदा आहे. फी एकट्या संस्थेला ठरवता येत नाही. शैक्षणिक वर्षाच्या किमान सहा महिने आधी संस्थेने प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा. समितीत प्रत्येक इयत्तेचा एक पालक असतो आणि तो लॉटरीने निवडला जातो. मंजूर झालेली फी दोन वर्षं बदलता येत नाही आणि ती फलकावर लावावी लागते, मराठीतूनही. आमचा फलक जिन्याखाली आहे, आणि तिथे सहसा सायकली उभ्या असतात, त्या आज हलवल्या आहेत.

"दोन वर्षांनंतर?"

"वाढेल. कारण आमच्या फीतला मोठा भाग पगाराचा, आणि पगार वाढले नाहीत तर मघाशी कौतुक केलेल्या शिक्षिका दुसरीकडे जातील. किती वाढेल ते समितीत बसून ठरवा. मात्र बसा. लॉटरीत नाव निघालं की बरेच पालक बैठकीच्या दिवशी नेमके गावाला जातात, आणि फी वाढली की व्हॉट्सॲपवर परत येतात."

थकबाकीचंही बोलले. हप्ता लांबला तर आधी येऊन सांगा, मुदत देते. त्यासाठी मूल वर्गाबाहेर उभं राहणार नाही. पण माफी देण्याएवढा निधी शाळेकडे नाही, आणि पुष्कळांचे हप्ते एकदम लांबले की शिक्षकांचा पगार लांबतो, हेही लपवत नाही. पंचवीस टक्के राखीव जागांबद्दल ज्यांना विचारायचं होतं त्यांना सांगितलं की तो अर्ज सरकारच्या संकेतस्थळावर भरायचा, सोडत तिथेच निघते. माझ्याकडे चिठ्ठी देऊन काही होत नाही, चिठ्ठी कोणाचीही असो.

कार्यक्रम संपला. सचिव जवळ आले आणि म्हणाले, "म्याडम, तुम्ही आपल्या शाळेचं सांगत होत्या की त्यांच्या?" तोवर ते पत्रकवाले गृहस्थ बायकोला घेऊन आलेच.

"अर्ज द्या. पण दोन पोरं टाकली तर दुसऱ्याचं काही कमी-जास्त?"

"भावंडांना सवलत आहे, समितीने ठरवलेली. दुसरं कितवीत आहे?"

बायकोने त्यांच्याकडे असं काही पाहिलं की ते पत्रकाच्या घड्या मोजू लागले.

"नाही, म्हणजे, ते अजून व्हायचं आहे. पण आजच्याच रेटने लिहून ठेवता का?"

मी म्हटलं, "भाऊ, फी दोन वर्षंच बांधील असते. तुमच्या त्या पोराला पहिलीत यायला निदान सहा लागतील."