सीपीयू लाल झाला म्हणून ‘सी’ घेऊ नका

ॲमेझॉनच्या क्लाउडवर सर्व्हर भाड्याने घेताना ‘सी’, ‘एम’ की ‘आर’ फॅमिली निवडायची, याबद्दल बऱ्याच ग्रुपांवर फिरत असलेला मेसेज असा:

> सर्व्हर निवडणं सोपं आहे. (१) सीपीयू ७० टक्क्यांच्या वर गेला की ‘सी’ फॅमिली घ्या, तिचा प्रोसेसर वेगवान असतो. (२) मेमरी भरलेली दिसली की ‘आर’ घ्या. (३) डेटाबेस असेल तर डोळे झाकून ‘आर’. (४) काहीच कळत नसेल तर ‘एम’, त्यात नुकसान कधीच नाही.

आधी वेगवान प्रोसेसरचं बघू, कारण ते एकेकाळी खरं होतं. ॲमेझॉनच्या पाचव्या पिढीत c5 चा प्रोसेसर वेगळा होता. सगळे कोर कामाला लागले तरी तो ३.४ ते ३.६ गिगाहर्ट्झपर्यंत टिकायचा, तर m5 ३.१ पर्यंत. तेव्हाचा सल्ला आजही पुढे ढकलला जातोय. सहाव्या पिढीत c6i, m6i आणि r6i या तिन्हींत इंटेलचा तोच आइस लेक झिऑन आहे, तोच ३.५ गिगाहर्ट्झचा. ॲमेझॉनच्या स्वतःच्या ग्रॅव्हिटॉन ३ प्रोसेसरवरच्या c7g, m7g, r7g यांचंही तसंच. म्हणजे एकाच पिढीत फरक उरतो तो मेमरीचा: दर व्हीसीपीयूमागे सीमध्ये २ जीबी, एममध्ये ४, आरमध्ये ८. नाव ‘कम्प्यूट ऑप्टिमाइझ्ड’ असलं तरी c6i म्हणजे निम्मी मेमरी काढून घेतलेलं m6i, आणि त्याबद्दल मिळालेली थोडी सूट.

थोडी म्हणजे किती? व्हर्जिनिया रीजनमध्ये लिनक्सचा ऑन-डिमांड दर ताशी c6i.xlarge ला ०.१७० डॉलर, m6i.xlarge ला ०.१९२ आणि r6i.xlarge ला ०.२५२. तिन्हींत व्हीसीपीयू चारच. मुंबई रीजनचे आकडे वेगळे आहेत. हे तीन दर लक्षात असू द्या, पुढे लागतील.

आता ७० टक्क्यांचा नियम. हा नियम मी स्वतः पाळला आणि त्यात फसलो, म्हणून इथे जरा थांबतो.

आमची ऑर्डर घेणारी एक जावा सर्व्हिस सहा c6i.xlarge वर चालायची. प्रत्येकावर ८ जीबी मेमरी, त्यातली -Xmx5g म्हणजे ५ जीबी हीपला, म्हणजे जावा आपला डेटा ठेवते त्या जागेला दिलेली. संध्याकाळी सातनंतर सीपीयू ९२ टक्क्यांवर जायचा आणि अलार्म वाजायला लागायचे. सीपीयू कमी पडतोय, मग मोठा सी घ्या, असा सरळ हिशोब करून आम्ही c6i.2xlarge वर गेलो, ताशी ०.३४ डॉलर. आकडा ४६ टक्क्यांवर आला, अलार्म गप्प झाले, आम्ही चहा प्यायला गेलो. पण ग्राहकांच्या तक्रारी थांबल्या नाहीत. बहुतेक ऑर्डर पटकन जायच्या, मधूनच एखादी दोन-तीन सेकंद अडकायची.

४६ टक्के आकडा पाहूनच शंका यायला हवी होती. चारच्या जागी आठ व्हीसीपीयू दिल्यावर टक्केवारी बरोबर निम्मी झाली, म्हणजे मशीन पूर्वीइतकंच काम करत होतं. चारातले ३.७ आणि आठातले ३.७, एकच गोष्ट. हे ३.७ कोण खातंय, हे आम्ही बघितलंच नव्हतं. बघायला दोन कमांड पुरल्या:

```
top -H -p <pid>
jstat -gcutil <pid> 5000
```

पहिली कमांड प्रोसेसच्या आतले थ्रेड वेगवेगळे दाखवते. वरच्या ओळींत आमच्या रिक्वेस्ट हाताळणारे थ्रेड नव्हते. तिथे GC Thread#0, GC Thread#1 आणि G1 Conc#0 बसले होते. सगळ्यांची बेरीज केली तर गार्बेज कलेक्शन, म्हणजे नको झालेला डेटा काढून हीप मोकळा करायचं काम, साधारण १.६ व्हीसीपीयू घेत होतं, आणि आमच्या खऱ्या कामाला लागत होते २.१. दुसऱ्या कमांडमध्ये FGC हा रकाना, म्हणजे फुल जीसीची संख्या, दर काही मिनिटांनी वाढत होता. जीसी लॉगप्रमाणे कचरा काढून झाल्यावरही हीपमध्ये ४.३ जीबी जिवंत डेटा उरत होता. पाच जीबीच्या खोलीत ४.३ जीबी सामान. चालायला जागा ०.७ जीबी, ती क्षणात भरणार आणि पुन्हा झाडू काढायची वेळ येणार.

यामागचं कारण समजलं की तुमच्याकडचा आकडाही वाचता येतो. झाडू मारायचा खर्च जिवंत सामानावर ठरतो, पण तो किती वेळा मारावा लागतो हे मोकळ्या जागेवर ठरतं. हीप ५ वरून १० जीबी केला तर जिवंत डेटा तेवढाच राहतो, मोकळी जागा मात्र ०.७ वरून ५.७ जीबी होते, म्हणजे आठपट. कलेक्शनचा खर्च ढोबळमानाने तितकाच खाली यायला हवा. आम्ही m6i.xlarge घेतलं, हीप १० जीबी केला. गार्बेज कलेक्शन ०.३ व्हीसीपीयूवर आलं, खरं काम २.१ तसंच राहिलं, आणि मशीन चार व्हीसीपीयूवर ६० टक्के दाखवायला लागलं. अडकणाऱ्या ऑर्डरही संपल्या.

म्हणजे सीपीयूचा आकडा लाल होता आणि कमी पडत होती मेमरी. c6i.2xlarge मध्ये १६ जीबी मेमरी होतीच की, असं कोणी म्हणेल. होती, पण -Xmx5g कॉन्फिगमध्ये खिळून बसलेला, त्यामुळे उरलेली मेमरी नुसती पडून होती. हीप वाढवला असता तर तिथेही काम झालं असतं, फक्त चार व्हीसीपीयूचं काम आठांवर चालवण्याचे पैसे भरून. ताशी ०.१४८ डॉलरचा फरक, महिन्याला एका मशीनमागे सुमारे १०८ आणि सहा मशीनमागे ६४८ डॉलर.

फॅमिली ठरवायची ती या मोजणीनंतर. आम्हाला मेमरी लागत होती १० जीबी हीप, त्याबाहेर जेव्हीएमला दीड आणि बाकी सिस्टिमला अर्धा, मिळून १२ जीबी. सीपीयू लागत होता २.४, आणि गर्दीच्या वेळी ६०-६५ टक्क्यांवर राहायचं तर चार व्हीसीपीयू. १२ भागिले ४ म्हणजे ३. दोनच्या वर, चारच्या खाली, म्हणून एम. भागाकार दोनच्या आत आला असता तर सी, चार ते आठमध्ये आला असता तर आर. भाजक म्हणून प्रत्यक्ष खर्च होणारा सीपीयू घेऊ नका, मोकळीक धरून लागणारा घ्या, नाहीतर उत्तर उगाचच आरकडे झुकतं.

व्हिडिओ एन्कोडिंग, कॉम्प्रेशन, गणिती सिम्युलेशन अशा कामांत थ्रेड खरोखर आकडेमोड करत असतात आणि मेमरी थोडीच लागते. तिथे सी बरोबरच आहे. एक उलटी चूकही नेहमी दिसते: चार व्हीसीपीयूच्या मशीनवर एकाच थ्रेडचं काम असेल तर सरासरी २५ टक्के दिसते आणि सगळे म्हणतात सीपीयू मोकळा आहे. mpstat -P ALL 5 लावा. एक रांग १०० वर आणि बाकी तीन रिकाम्या दिसल्या तर फॅमिली बदलून काही होणार नाही, कोड बदलावा लागेल.

मेमरी ‘भरलेली’ म्हणजे काय, हा दुसऱ्या मुद्द्यातला घोळ. ॲमेझॉनचं देखरेखीचं साधन क्लाउडवॉच मेमरीचा आकडा आपणहून देतच नाही, त्यासाठी मशीनवर एजंट बसवावा लागतो. म्हणून लोक लॉगिन करून free -m मारतात आणि असं काहीतरी बघून घाबरतात:

```
        total   used  free  shared  buff/cache  available
Mem:    31600   5200   500      40       25900      25900
```

मोकळी मेमरी ५०० एमबी! पण लिनक्स रिकाम्या मेमरीत वाचलेल्या फाइली साठवून ठेवतो आणि गरज पडली की ती जागा सोडतो. बघायचा तो शेवटचा available रकाना. या मशीनला खरं तर साधारण ६ जीबीच लागतंय. आर घेणं सोडाच, हे आधीच r6i.xlarge आहे आणि तेवढ्याच व्हीसीपीयूच्या सीमध्येही कदाचित मावेल.

‘कदाचित’ म्हणालो, कारण तो साठा कधी कधी कामाचाच असतो. काफ्का किंवा पोस्टग्रेस त्याच साठ्यातून वाचतात आणि तो कापला की डिस्कवर जातात. कामाचा साठा आणि फुकटचा साठा free मध्ये सारखेच दिसतात. फरक कळतो /proc/vmstat मधल्या workingset_refault_file या आकड्यावरून (जुन्या कर्नेलमध्ये नुसता workingset_refault). बाहेर काढलेलं पान लगेच पुन्हा मागावं लागलं की हा वाढतो. दहा-दहा मिनिटांनी दोन-तीनदा बघा. जवळपास स्थिर असेल तर साठा फुकटचा आहे. झपाट्याने वाढत असेल आणि iostat मध्ये डिस्कवरचं वाचनही चढलेलं असेल, तर मेमरी खरंच कमी आहे आणि आरचा विचार रास्त आहे. vmstat च्या si आणि so मध्ये सतत आकडे दिसत असतील तर तिथेच उत्तर मिळालं. मात्र स्वॅप बसवलेलाच नसेल तर ते रकाने कायम शून्य राहणार, त्यावर भरवसा ठेवू नका.

डेटाबेसला आर, हे अनेकदा जमतं, आणि त्यामुळेच कोणी तपासत नाही. पोस्टग्रेसचा सगळा डेटा १२ जीबी असेल तर ६४ जीबीच्या r6i.2xlarge मध्ये बरीच मेमरी रिकामीच पडून राहते. डेटा पूर्ण मेमरीत मावला की पुढचा अडथळा बहुधा सीपीयू असतो: मोठ्या जॉइन, जेसन फोडणं, बेरजा. pg_database_size ने आकार काढा आणि रोज वापरात येणारा भाग किती याचा अंदाज घ्या. पाचशे जीबीच्या डेटाबेसमध्येही बहुतेक क्वेरी गेल्या महिन्याच्या पानांवरच फिरत असू शकतात.

उरला एम. त्यात नुकसान कधीच नाही, असं कसं? ३२ जीबी मेमरी आणि थोडासा सीपीयू लागणारं काम घ्या, समजा कॅशे. एममध्ये त्यासाठी m6i.2xlarge घ्यावं लागतं, ताशी ०.३८४ डॉलर. r6i.xlarge मध्ये तेवढीच मेमरी ०.२५२ ला मिळते. म्हणजे ५२ टक्के जास्तीचे पैसे चार व्हीसीपीयूंसाठी, ज्यांना कोणी हात लावणार नाही. उलट बाजूला, फक्त सीपीयू लागणाऱ्या कामाला सीऐवजी एम दिला तर नुकसान १३ टक्के. चुकायचंच असेल तर त्या बाजूला चुकलेलं स्वस्त पडतं.

त्यामुळे नव्या सर्व्हिसला मीही पहिले दोन आठवडे एमवरच ठेवतो, पण एजंट पहिल्या दिवसापासून लावून आणि महिनाअखेरीची किंवा सेलची गर्दी त्या मोजणीत येईल असं बघून. नंतर बदलणं फार अवघड नसतं: मशीन थांबवा, टाइप बदला, सुरू करा. डिस्क ईबीएसवर असेल तर जशीच्या तशी राहते. m6id सारख्या, मशीनलाच डिस्क जोडलेल्या प्रकारांत मात्र थांबवताच त्या डिस्कवरचं सगळं जातं. आणि इंटेलवरून ग्रॅव्हिटॉनवर जायचं असेल तर नुसता टाइप बदलून भागत नाही, इमेज एआरएमसाठी नव्याने बांधावी लागते.