शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटर

"भावजी, तुमच्याकडे शाळेत चिप्स, कोल्ड्रिंक मिळतच नाही म्हणतात. आमच्याकडे नियम असूनही का जमत नाही? पालक समितीत मला बोलायचं आहे."

सोलापूरहून वहिनींचा हा निरोप आला तेव्हा मी लीड्समधल्या एका प्राथमिक शाळेत दुपारच्या जेवणाचा आठवड्याचा तक्ता तपासत बसलो होतो. मी आहारतज्ज्ञ आहे आणि गेली काही वर्षे माझे बहुतेक काम शाळांशीच आहे. "तिकडे मिळतच नाही" हे अर्धेच खरे आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात मिळत नाही, परंतु घरून आणलेल्या डब्याला शाळेच्या जेवणाचे नियम लागू नाहीत आणि साडेतीन वाजता शाळा सुटली की कोपऱ्यावरच्या तळलेल्या चिकनच्या दुकानापुढे गणवेशातलीच मुले उभी असतात.

आपल्याकडचा नियम कागदावर याहून कडक आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये अधिसूचित केलेल्या आणि जुलै २०२१ पासून लागू झालेल्या विनियमांनुसार संपृक्त स्निग्धांश, ट्रान्स फॅट, वरून घातलेली साखर किंवा मीठ जास्त असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत विकता येत नाहीत, आणि त्याच अंतरात त्यांची जाहिरातही करता येत नाही. राज्य शासनाने तर त्याआधीच, २०१७ मध्ये, उपाहारगृहांसाठी वर्ज्य आणि पर्यायी पदार्थांच्या याद्या काढल्या होत्या. प्रश्न असा की सोलापुरातल्या किती शाळांना उपाहारगृह आहे? महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पोषण आहार शिजतो, बहुतेक खासगी शाळांत मुले डबा आणतात, आणि मधल्या सुट्टीत ज्याला मुले 'कँटीन' म्हणतात ते फाटकासमोरचे किराणा दुकान किंवा हातगाडी असते. म्हणून खरा नियम उपाहारगृहाचा नसून पन्नास मीटरचा आहे.

वहिनींच्या समितीने तो प्रत्यक्ष मोजून पाहिला. होटगी रोडच्या बाजूच्या त्या शाळेच्या मुख्य फाटकापासून टेप लावल्यावर पहिले दुकान अठरा मीटरवर आले आणि दुसरे बासष्टवर. पहिल्या दुकानदार काकांनी वाद घातला नाही. ते म्हणाले, "केळी ठेवली तर दुपारपर्यंत काळी पडतात, पाकीट चार महिने टिकतंय. आणि फ्रीज माझा नाही, कंपनीचा आहे. त्यात दुसरं काही ठेवलं तर फ्रीज घेऊन जातात." मला या प्रकरणात सर्वात मोलाचे वाटले ते हेच वाक्य. दुकानाच्या नावाची पाटी कंपनीने रंगवून दिलेली, पाकिटांच्या माळा लटकवायचा स्टँड कंपनीचा आणि रस्त्याकडे तोंड केलेला काचेचा फ्रीजही कंपनीचा. जाहिरात म्हटली की आपण दूरचित्रवाणीवरच्या नट-क्रिकेटपटूंवर चिडतो, पण मूल रोज दोन वेळा ज्या जाहिरातीखालून जाते ती ही पाटी आहे. पाटी त्या अठरा मीटरमध्येच असल्याने विक्रीचा वाद बाजूला ठेवूनही तिच्याबद्दल अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. पाटी बदलल्याने काकांचा गल्ला बुडत नाही, म्हणून सुरुवात तिथून करावी असे मी सुचवले.

या बाबतीत इंग्लंडने फार मोठा आदर्श घालून दिलेला नाही. जानेवारी २०२६ पासून इथे अशा पदार्थांच्या जाहिराती रात्री नऊच्या आधी दूरचित्रवाणीवर आणि पैसे देऊन इंटरनेटवर केव्हाही दाखवता येत नाहीत, मात्र पदार्थ न दाखवता केवळ कंपनीचे नाव मिरवायला मुभा आहे आणि रस्त्यावरचे फलक या कायद्याच्या बाहेरच राहिले आहेत.

मग समितीत दुसरा वाद निघाला. 'जास्त' म्हणजे किती? आपल्या विनियमात त्याचा नेमका आकडा नाही. समितीतल्या एका निवृत्त गुरुजींनी सुचवले की इंग्लंडची गुणपद्धत जशीच्या तशी उचलावी. त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर होते. त्या पद्धतीत शंभर ग्रॅम पदार्थातील उष्मांक, संपृक्त स्निग्धांश, साखर आणि सोडियम यांना प्रत्येकी शून्य ते दहा दोषगुण मिळतात, त्यांतून फळे-भाज्या-दाणे, तंतू आणि प्रथिने यांचे गुण वजा होतात आणि बाकी चार किंवा अधिक उरली तर पदार्थ जाहिरातीला अपात्र ठरतो. पामतेलात तळलेल्या बटाटा चिप्सची बाकी मी काढली तर सुमारे वीस आली. ते अपेक्षितच होते. मग सहज म्हणून आपल्या शेंगाचटणीची काढली. दाणे, तंतू, प्रथिने या तिन्हींत पूर्ण पाच-पाच गुण धरूनही ती आठ-नऊवर अडकली, कारण शंभर ग्रॅम चटणीतले मीठ एकटेच दहा दोषगुण खाते. बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे मात्र सहज सुटले. चटणी कोणी शंभर ग्रॅम खात नाही, भाकरीबरोबर चमचाभर खातो, आणि चिप्सचे पाकीट मूल एका बैठकीत रिकामे करते, हा फरक त्या गणिताला दिसत नाही.

इथल्या शाळेच्या मुख्य स्वयंपाकीणबाईंना मी ही गंमत सांगितली तेव्हा त्या हसल्या. त्या गुण मोजतच नाहीत. शाळेतल्या जेवणाचे मानक वेगळे आहे आणि ते वारंवारितेवर चालते: तळलेला किंवा ब्रेडक्रम्स लावलेला पदार्थ आठवड्यात दोनदाच, फळांचा रस दीडशे मिलिलिटरपर्यंत, चॉकलेट आणि चिप्स मुळीच नाहीत. म्हणजे पाकीटबंद मालाच्या जाहिरातीला एक मोजपट्टी आणि शिजवलेल्या ताटाला दुसरी. गुरुजींनी या दोन्ही एकत्र केल्या होत्या. वडापाव बंद करायचा की आठवड्यातून एकदा ठेवायचा, हा प्रश्न दुसऱ्या मोजपट्टीचा आहे, आणि तिने मोजला तर धपाटे, इडली, खिचडी यांच्या रांगेत एक दिवस वडाही बसतो.

बैठकीत एका पालकांनी स्वतःच्या मधुमेहाची हकिकत सांगून शुगर-फ्री बिस्किटे ठेवावीत असा आग्रह धरला. त्या बिस्किटांत मैदा आणि पामतेल तेवढेच असते, हे वहिनींनी त्यांना सांगितले, पण ते पटलेले दिसले नाही. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतून येणाऱ्या एका आईचा मुद्दा मात्र कोणालाच टाळता आला नाही. सकाळी हजार विड्यांचा हिशेब पुरा करायचा असताना डब्याऐवजी हातावर दहा रुपये ठेवले जातात, आणि फाटकाबाहेर दहा रुपयांत पोट भरल्यासारखे वाटेल असे दुसरे आहे काय? उकडलेले शेंगदाणे आणि फुटाणे त्या किमतीत देता येतील, असे काका म्हणाले, पण शाळेने रोज किमान चाळीस पुड्यांची हमी द्यावी, अशी त्यांची अट आहे. हमी कोण देणार, यावर बैठक अडली.

गेल्या आठवड्यात पाटीवर पांढरा रंग फासला गेला. फ्रीज तिथेच आहे. आणि व्हॅनमध्ये बसणारी मुले मागच्या फाटकाने बाहेर पडतात, तिथून टेप लावली तर बासष्ट मीटरवरचे ते दुसरे दुकान एकतीसवर येते, असे वहिनींनी काल कळवले.