सर, फ्लेक्स अजून मोठा लावा!

सर, जूनमध्ये जाहिरातीवर 40 हजार गेले आणि आपल्या क्लासच्या स्पर्धा परीक्षेच्या 60 जागांच्या बॅचला जेमतेम 14 प्रवेश झाले? मग उपाय सोपा आहे. जुलैत 80 हजार घाला. रिक्षेला भोंगा बांधा, चौकातला फ्लेक्स दहा फुटांचा वीस फूट करा, आणि आपल्याकडे फक्त मॉक इंटरव्ह्यूला येऊन गेलेल्या अधिकाऱ्याचा फोटो वर मधोमध टाका. तोच फोटो शेजारच्या दोन क्लासच्या फ्लेक्सवरही आहे, पण आपला मोठा असेल. (लेखी संमतीशिवाय फोटो वापरू नका आणि त्याने नेमका कोणता कोर्स केला तेही छापा, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2024 मध्ये सांगितलंय. पण आपला फ्लेक्स वाचायला दिल्लीहून कोण येतंय!)

समजा, तुम्ही हे सगळं केलंत. जूनमध्ये 160 चौकशा आल्या होत्या, 70 पोरं डेमोला बसली होती आणि 14 जणांनी पैसे भरले होते. जुलैत चौकशा 310 झाल्या, डेमोला 130 जण आले. प्रवेश किती? 15. इथे एक काळजी घ्या: वजाबाकी अजिबात करू नका. केलीत तर दिसेल की जादा 40 हजारांत एकच पोरगा मिळाला आणि त्याची फी 18 हजार. त्यापेक्षा ‘आमच्याकडे चौकशा दुप्पट झाल्या’ एवढंच म्हणत राहा. ऐकायला किती छान वाटतं.

गळती कुठे आहे, हे तर मुळीच शोधू नका. चौकशाच 20 आल्या असत्या आणि डेमोला बसलेल्या 10 जणांपैकी 6 जणांनी फी भरली असती, तर कुणीही म्हणालं असतं की माल बरा दिसतोय, फक्त लोकांना माहीत नाही; करा जाहिरात. पण तुमच्याकडे पोरं येतात, दीड तास फळ्याकडे बघतात आणि चहा पिऊन निघून जातात. जाहिरातीचं काम पोराला दारापर्यंत आणायचं, ते तिने चोख केलं. आता दोष द्यायला कुणीतरी हवंच, तर तिलाच द्या. ती उलटून बोलत नाही.

काउंटरवरच्या ताईंकडचं रजिस्टरही उघडू नका. त्यात ‘कारण’ नावाचा रकाना आहे आणि सगळीकडे ‘नंतर कळवतो’ लिहिलंय. मागच्या आठवड्यात ताईंनी तुम्हाला न विचारता, डेमो बघून गेलेल्या 20 जणांना फोन लावले. फी जास्त वाटते का, असं न विचारता ‘तेव्हा मनात काय आलं होतं?’ असं विचारलं. फी जास्त म्हणणारे तिघं निघाले. बारा जणांचा प्रश्न एकच होता: ‘आम्ही लिहिलेली उत्तरं तपासणार कोण?’

आता तुम्ही म्हणाल, कसली उत्तरं? आपण तर ‘5000 वस्तुनिष्ठ प्रश्नांचा महासंच’ विकतो! बरोबर आहे. पण राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली. 2023 साली पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली ती हा बदल पुढे ढकला म्हणूनच, आणि तो ढकललाही गेला. म्हणजे तयारीला दोन वर्षं मिळाली, पोरांना आणि तुम्हालाही. पोरांनी पेन हातात घेतलं. तुम्ही महासंचाचं मुखपृष्ठ बदललंत.

ताईंचं म्हणणं असं की ऑगस्टमध्ये जाहिरात तीच, 40 हजारांचीच ठेवू, फी आणि वेळही तीच. बदलायची फक्त एक गोष्ट: 30 जागांची बॅच, आठवड्याला एक लेखी चाचणी, आणि तपासलेली वही शेरे लिहून सात दिवसांत परत. तिसापेक्षा जास्त घ्यायची नाहीत, कारण तपासायला दोनच शिक्षक आहेत. वह्या महिनाभर पडून राहिल्या तर पोरं दुसरा हप्ता भरणार नाहीत. आणि डेमोला आलेल्या 70 पैकी 14 ऐवजी 16-17 जणांनी पैसे भरले तर लगेच पेढे वाटायचे नाहीत. एवढा फरक असाही पडतो. पुढची बॅचही बघायची. पण 25 च्या पुढे गेले, तर गोष्ट वेगळी. त्यातही आयोगाची जाहिरात नेमकी त्याच महिन्यात आली, तर गर्दी तिची की वह्यांची, हे ठरवायला थांबावं लागेल.

हे सगळं तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, ‘ताई, तुम्हाला मार्केटिंग कळत नाही.’ उत्तम! शिवाय वह्या तपासायचं काम संपतच नाही, फ्लेक्स मात्र एका रात्रीत लागतो.

फ्लेक्सवाला खाली उभा आहे. विचारतोय, ‘सर, अजून मोठा करतोय, पण खाली ती “शेवटच्या 10 जागा शिल्लक” ओळ तशीच ठेवू ना?’ ठेव म्हणा. रिकाम्या 45 आहेत, पण एवढा मोठा आकडा छापला तर फोटो लहान करावा लागेल.